शिवणकामाच्या दुकानासाठी १५ सेकंदांची ‘बंपर’ जाहिरात : संहिता तपासून द्यावी आणि लक्षात राहील असे एक वाक्य सुचवावे

हरभटरोड

माझ्या मामांचे सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत शिवणकामाचे दुकान आहे. दोन मशिने, एक काजे-बटणाचे मशीन, काउंटरवर मामा आणि आत मामी, असा सगळा कारभार आहे. पुरुषांचे शर्ट-पँट मामा शिवतात आणि ब्लाउज मामी शिवतात. गेल्या काही वर्षांत तयार कपड्यांमुळे पुरुषांचे काम कमी झाले असून दुकान मुख्यतः ब्लाउजवर चालले आहे. यूट्यूबवर फक्त सांगली-मिरज भागात दिसेल अशी १५ सेकंदांची बंपर जाहिरात करावी, असे मी त्यांना सुचवले आणि ते कसेबसे तयार झाले. चित्रीकरण माझ्या मोबाइलवरच करायचे आहे. मी लिहिलेली संहिता अशी आहे :

‘सणवार असो वा लग्नसमारंभ, आपल्या व्यक्तिमत्त्वाला शोभेल असे कपडे शिवून घेण्यासाठी सांगलीतील एकमेव विश्वसनीय ठिकाण. शर्ट, पँट, सफारी, ब्लाउज, पंजाबी ड्रेस, तसेच फॉल-पिको आणि अल्टरेशन. तीस वर्षांचा अनुभव, वेळेवर डिलिव्हरी, माफक दर. आजच भेट द्या.’ त्यानंतर दुकानाचे नाव आणि पत्ता.

हे वाचून मामा म्हणाले की, यात माझ्या दुकानाचे असे काहीच नाही, हे कुणाच्याही दुकानाला चालेल. त्यांचे म्हणणे मला पटले, पण त्याऐवजी काय लिहावे हे सुचत नाही. जाणकारांनी मदत करावी.

भडंगप्रेमी

‘एकमेव विश्वसनीय’ हे वाचून त्या गल्लीतील उरलेले तीन शिंपी तुमच्या मामांना पुढच्या गणपतीत वर्गणी मागायला येतील, तेवढे सांभाळा.

मिरजतिठा

बंपरवर जाहिरात करायची कल्पना चांगली आहे, परंतु १५ सेकंद हे कसे मोजणार? रिक्षा सिग्नलला उभी असेल तर मागचा माणूस अर्धा मिनिट वाचतो आणि चालू असेल तर दोन सेकंदही मिळत नाहीत. माझ्या मेहुण्याने चार रिक्षांच्या मागे चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवून घेतली होती, तिचा त्याला चांगला उपयोग झाला.

हरभटरोड

मिरजतिठा, हा बंपर रिक्षाचा नव्हे. यूट्यूबवर व्हिडिओ सुरू होण्याआधी जी छोटी जाहिरात लागते, तिला बंपर म्हणतात.

संकलनमेज

तुमचेही पूर्ण बरोबर नाही, म्हणून आधी तेवढे दुरुस्त करतो, कारण त्यावर संहिता अवलंबून आहे. यूट्यूबवर ज्याला बंपर म्हणतात ती जाहिरात ६ सेकंदांपर्यंतचीच असते. तुम्ही म्हणता ती १५ सेकंदांची जाहिरात वेगळ्या प्रकारात मोडते. ती ओलांडून पुढे जाता येत नाही एवढेच दोघींत सारखे आहे. बोलताना सगळेच तिलाही बंपर म्हणतात, त्याला हरकत नाही, पण जाहिरात चढवताना प्रकार चुकीचा निवडलात तर तुमची फीत त्यात बसणार नाही.

आता तुमच्या संहितेविषयी. नाव आणि पत्ता धरून ती साधारण ४० शब्दांची आहे आणि शब्द कमी वाटले तरी मराठी शब्द लांब असतात. ‘व्यक्तिमत्त्वाला’ हा एक शब्द उच्चारायलाच जवळजवळ एक सेकंद लागतो. मी घड्याळ लावून दोनदा वाचून पाहिले. श्वास घेत, माणसासारखे वाचले तर २२ सेकंद लागले. १५ मध्ये बसवायचे तर लिलाव पुकारल्यासारखे वाचावे लागेल. माझा अनुभव असा आहे की, शब्द मोजण्यापेक्षा उच्चार, म्हणजे बोलताना शब्दाचे जे तुकडे पडतात ते, मोजावेत. निवांत बोलणारा माणूस सेकंदाला पाच उच्चार सहज करतो. म्हणजे १५ सेकंदांत ७५ होतात, परंतु ते सगळे वापरले तर चित्राला जागाच राहत नाही. एकूण ३५ ते ४० उच्चार बोलण्यासाठी ठेवा आणि उरलेला वेळ डोळ्यांसाठी सोडा.

मामा म्हणाले तेच खरे आहे. यादी वाचून कुणाला काही आठवत नाही. त्यांच्या दुकानात घडणारी एकच गोष्ट निवडा, जी कॅमेऱ्यासमोर दाखवता येईल, आणि वाक्य त्या गोष्टीतून येऊ द्या.

विश्रामबागकर

शिंप्याच्या बाबतीत गिऱ्हाइकाची खरी तक्रार एकच असते : दिलेल्या तारखेला कपडा मिळत नाही. तेव्हा वाक्य असे ठेवा : ‘गुरुवार म्हणजे गुरुवारच.’ दाखवायलाही सोपे आहे. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर गोल केलेली तारीख आणि त्याच तारखेला हातात पिशवी. सांगलीकर हे वाक्य विसरणार नाहीत.

कृष्णाकाठची

विश्रामबागकर यांचे वाक्य छान आहे, पण ते दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आणि लग्नसराईत दुकानावर उलटेल. दोन माणसांचे दुकान आहे. मामी एक दिवस आजारी पडल्या की तोच गुरुवार गिऱ्हाइके त्यांना ऐकवतील. माझ्या नेहमीच्या ब्लाउजवाल्या बाईंनी एकदा दुकानात ‘वेळेत काम’ अशी पाटी लावली होती. दोन महिन्यांत त्यांनी स्वतःच ती काढून टाकली.

शिवाय मला विचारायचे आहे की, मामी कटोरी ब्लाउज शिवतात का आणि अस्तरासह किती घेतात? धाग्याचा विषय तो नाही हे मला मान्य आहे.

हरभटरोड

कटोरी शिवतात. दर व्यक्तिगत निरोपात कळवतो.

तारखेचे वाक्य मी मामांना वाचून दाखवले. ते नुसतेच हसले आणि मामींनी आतून ‘नको’ असे स्पष्ट सांगितले, त्यामुळे तो पर्याय संपला.

खडूटेप

मी मिरजेत बरीच वर्षे ब्लाउज शिवले, आता डोळ्यांमुळे काम बंद केले आहे. संकलनमेज यांनी एकच गोष्ट निवडा असे म्हटले आहे, त्यावरून एक सुचवतो.

आमच्या धंद्यात कापताना शिवणीच्या बाहेर जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. तयार ब्लाउज उलटा करून बघा. बाजूच्या शिवणीला जेमतेम अर्धा इंच कापड असते आणि त्यावर इंटरलॉक मारून टाकलेले असते. बाई थोडी अंगाने भरली की तो ब्लाउज गेला. शिंप्याकडचा ब्लाउज उलटा केला तर बाजूला एक-दीड इंच माया असते आणि तिच्यावर एकीशेजारी एक अशा दोन किंवा तीन टिपा मारलेल्या असतात. सगळ्यांत आतली टीप अंगाच्या मापाची. ती उसवली की पुढची टीप काम करू लागते आणि मशीनवर न बसता ब्लाउज सैल होतो. कितीतरी बायका हे घरीच करतात.

हिशेबही सोपा आहे. दोन टिपांमध्ये पाव इंच अंतर ठेवले, तर एका बाजूला पुढचा भाग आणि पाठ मिळून अर्धा इंच सुटतो आणि दोन्ही बाजूंचा मिळून घेर एक इंचाने वाढतो. पाव इंचात एक इंच मिळतो, हे गिऱ्हाइकाला सांगितले की तिला आधी खरे वाटत नाही.

तुमच्या मामी माया ठेवत असतीलच. मग वाक्य तयारच आहे : ‘आमच्या शिवणीत माया असते.’

संकलनमेज

खडूटेप, मी गेली काही वर्षे पुण्यात जाहिरातींचे संकलन करतो आणि असे वाक्य आयते मिळणे किती दुर्मीळ आहे हे मला ठाऊक आहे. शब्द धंद्याचाच आहे, त्याचा दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतो आणि मुख्य म्हणजे ती गोष्ट चिमटीत धरून दाखवता येते. हरभटरोड, बाकी सगळे बाजूला ठेवा आणि यावर काम करा.

भडंगप्रेमी

मला मात्र तिसरा अर्थ आधी दिसला. ‘त्याने बरीच माया जमवली’ असे आपण म्हणतो. शिंप्याने ‘आमच्याकडे माया असते’ असे जाहीर केले की माझी आजी लगेच विचारेल, उरलेले कापड कुठे गेले?

कृष्णाकाठची

भडंगप्रेमी यांनी विनोद केला असला तरी ती शंका खरी आहे. माझ्या कॉलेजमधल्या मुलीला मी आत्ताच विचारले. तिला शिवणातली माया माहीत नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे ते प्रेमाने शिवतात का?’ अशा वाक्यांचा तिला कंटाळा आहे, कारण प्रेमाने तर हल्ली सगळेच सगळे करतात.

हरभटरोड

सर्वांचे आभार. काल रात्री बसून नवीन संहिता लिहिली आहे. ब्लाउजऐवजी शाळेची पँट घेतली, म्हणजे सगळ्यांना चटकन कळेल असे वाटले.

पहिले ३ सेकंद : मुलाचे घोटे उघडे पडलेले दिसतात. आई म्हणते, ‘काका, जूनमध्ये शिवली, दिवाळीत आखूड!’
३ ते ८ : मामा पँटची मोहरी उसवतात, आतली दुमड खाली उलगडते. आवाज फक्त कापडाचा.
८ ते ११ : मामा म्हणतात, ‘असू द्या वहिनी. शिवतानाच माया ठेवलीय.’
११ ते १५ : दुकानाचे नाव, गणपती पेठ, आणि मामांच्या आवाजात ‘आमच्या शिवणीत माया असते.’

उच्चार मोजले, ४० च्या आत बसतात.

विश्रामबागकर

उत्तम. आता मागे एखादे गाजलेले चित्रपटगीत टाका, म्हणजे लोक थांबून बघतील.

संकलनमेज

गाणे टाकू नका. परवानगीशिवाय वापरलेले गाणे यूट्यूबला ओळखू येते आणि जाहिरात अडकू शकते. पायमशीनचा आवाज तुमच्याकडे फुकट आहे आणि तो ऐकताच दुकान कसले ते कळते.

संहिता आधीपेक्षा फारच बरी झाली आहे. पण ‘माया’ दोनदा येते. मामा गोष्टीत तो शब्द बोलून टाकतात आणि मग शेवटचे वाक्य उरलेल्या चहासारखे होते. शब्द एकदाच यावा आणि तो शेवटी यावा.

खडूटेप

पँटचे चित्र चालणार नाही, असे मला स्पष्ट सांगावे लागेल. पहिली गोष्ट, मोहरीला आत वळवलेल्या कापडाला आम्ही दुमड म्हणतो. काहीजण त्यालाही माया म्हणतात, त्यावर मी भांडणार नाही. परंतु दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत शाळेची पँट किती वेळा धुतली जाते याचा विचार करा. बाहेरचे कापड विटलेले असते आणि आतली दुमड कोऱ्या रंगाची असते. ती उलगडली की खाली गडद पट्टा दिसतो आणि जुन्या घडीच्या जागी पांढरट रेघ राहते. ती रेघ इस्त्रीने जात नाही. दुकानात आपण आईला समजावून सांगतो, पण पडद्यावर समजावायला वेळ नाही. बघणाऱ्याला फक्त पट्टा दिसेल आणि तो म्हणेल, शिवून दिली ती अशी?

ब्लाउजची बाजूची शिवण हाताखाली येते. तिथे रंगाचा थोडा फरक राहिला तरी दिसत नाही. दुकान चालते तेही ब्लाउजवरच. मग लाज कसली?

कृष्णाकाठची

मी खडूटेप यांच्याशी सहमत आहे, फक्त एक अट आहे. ब्लाउज टेबलावर दाखवा, बाईच्या अंगावर माप घेतानाचे दृश्य नको. तसली जाहिरात लागली की आम्ही दुकानाचे नाव लक्षात ठेवतो ते तिथे न जाण्यासाठी.

हरभटरोड

ती अट मामींनीही घातली आहे. चित्रात फक्त हात, कापड आणि टेबल असेल.

खडूटेप, तीन टिपांचे दृश्य काल मोबाइलवर घेऊन पाहिले, पण काहीच दिसत नाही. गडद हिरव्या खणाचा ब्लाउज, हिरवाच धागा, आणि पडद्यावर नुसते हिरवे कापड. पांढऱ्या धाग्याने टिपा मारू का, असे विचारले तर मामी रागावल्या. हिरव्या कापडावर पांढरा धागा लावलेला ब्लाउज माझ्या दुकानाच्या जाहिरातीत दिसणार असेल तर जाहिरातच नको, असे त्या म्हणाल्या.

संकलनमेज

कॅमेऱ्याच्या बाजूने बोलायचे तर पांढरा धागाच हवा. मोबाइलच्या पडद्यावर, तेही बसमध्ये बसून बघणाऱ्याला, तीन रेघा अर्ध्या सेकंदात मोजता आल्या पाहिजेत. मामींना सांगा की हा नमुना आहे.

खडूटेप

मामींचेच खरे आहे. शिवणारी दुसरी बाई ती जाहिरात बघेल तेव्हा तिला धागाच दिसेल, बाकी काही दिसणार नाही.

यावर उपाय आहे. वरचा धागा मॅचिंगच ठेवा. बॉबिनमध्ये त्याच रंगाचा दोन छटा फिकट धागा भरा, म्हणजे गडद हिरव्याला पोपटी. बाजूची शिवण सुलट्यावर सुलट ठेवून मारलेली असते. त्यामुळे मायेच्या एका अंगाला वरचा धागा दिसतो आणि दुसऱ्या अंगाला बॉबिनचा. घातलेल्या ब्लाउजवर बाहेरून दोन्ही दिसत नाहीत, फक्त टीप ताणलेली असावी, ढिली असली तर शिवणीतून फिकट धागा डोकावेल. कॅमेरा बॉबिनच्या अंगाने लावा आणि उजेड समोरून न घेता खिडकीतून तिरका घ्या, म्हणजे टाक्यांची सावली पडते.

उसवण्याचेही सांगतो. ब्लेडने एकेक टाका कापत बसलात तर तुमचे १५ सेकंद त्यातच जातील. चित्र घेण्याआधी वरच्या धाग्याच्या अंगाने दर चार-पाच टाक्यांवर ब्लेड लावून ठेवा. मग कपडा पालथा करा आणि बॉबिनच्या धाग्याचे टोक चिमटीत धरून ओढा. तो सरसर निघून येतो. मुंढ्याच्या खालपासून कमरेपर्यंत सात-आठ इंचांची टीप दोन सेकंदांत निघते आणि त्याचा आवाजही येतो. मात्र खऱ्या कामात ती टीप बाहीच्या मोहरीपासून कमरेपर्यंत सलग असते. तेव्हा बाहीलाही तेवढीच माया ठेवलेली असली पाहिजे, नाहीतर छाती सैल होते आणि दंड आवळतो.

आणि रेशमी कापड घेऊ नका. उसवल्यावर रेशमात सुईची भोके दिसत राहतात. सुती खणावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की ती बऱ्यापैकी बुजतात.

भडंगप्रेमी

मी हा धागा वाचून माझ्या बायकोचे दोन ब्लाउज उलटे करून बघितले. एकात तीन टिपा निघाल्या. दुसऱ्यात एकच होती. ‘तुम्ही माझ्या कपाटात काय करताय?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र या धाग्यात कुठेही सापडले नाही.

शुद्धलेखन

धाग्याचा विषय वाक्याचा आहे, म्हणून वाक्याविषयी थोडे लिहितो. ‘आमच्या शिवणीत माया असते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते पाटीसारखे आहे. त्यात कुणी काही करत नाही, माया आपली असते. शिवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही. खडूटेप यांच्या पहिल्याच प्रतिसादात क्रियापद आले आहे, त्यांनी सहज लिहिले की मामी माया ‘ठेवत असतीलच’. मी लहान असताना आईसोबत शिंप्याकडे जात असे, तेव्हा आई नेहमी म्हणायची, ‘जरा माया ठेवून शिवा.’ गिऱ्हाईक जे मागते त्याचेच उत्तर द्यावे : ‘आम्ही माया ठेवून शिवतो.’ यात माणूस आहे, काम आहे आणि शेवटचा शब्द धंदा कोणता ते सांगतो. भडंगप्रेमी यांच्या आजींची शंकाही त्यामुळे पुष्कळशी मिटते, कारण माया ठेवली ती कपड्यात, हे ‘शिवतो’मुळे कळते.

विश्रामबागकर

मला पहिलेच वाक्य अधिक गोड वाटते. ‘शिवणीत’ आणि ‘माया’ हे शब्द शेजारी आले की कान टवकारतात. ‘माया ठेवून शिवतो’ हे ज्याला शिवण कळते त्यालाच कळेल.

खडूटेप

शुद्धलेखन यांच्या आई म्हणत तसेच आमच्याकडच्या बायकाही म्हणत. माझे मत त्यांच्या वाक्याला.

हरभटरोड

दोन्ही वाक्ये घेऊन एक छोटी तपासणी केली. शनिवारी दुकानात आलेल्या पाच बायकांना मोबाइलवर कच्ची फीत दाखवली, दोघींना पहिले वाक्य आणि तिघींना दुसरे. दुसऱ्या दिवशी मामींनी फोन करून सहज विचारले की काय आठवते. पहिले वाक्य ऐकलेल्या दोघींपैकी एकीला ‘प्रेमाने शिवतात असे काहीतरी’ आठवले आणि दुसरीला धागा ओढलेला आठवला, वाक्य आठवले नाही. दुसरे वाक्य तिघींपैकी दोघींनी जसेच्या तसे सांगितले. तिसरी म्हणाली की ती जाहिरात पाहून घरी गेले आणि एक जुना ब्लाउज उसवला, आता तो बसतो, तेव्हा नवीन शिवायची गरज उरली नाही. मामा त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

संकलनमेज

पाच बायकांवरून निष्कर्ष काढता येत नाही, परंतु ‘प्रेमाने शिवतात असे काहीतरी’ हे उत्तर मला पुरेसे आहे. कृष्णाकाठची यांची मुलगीही तेच म्हणाली होती. वाक्य गोड आहे, पण ते दुकानापासून सुटून जाते. मी आता दुसऱ्या वाक्याच्या बाजूने आहे.

सगळ्यांचे एकत्र करून संहिता अशी मांडतो :

० ते ३ : लाकडी टेबलावर खणाचा ब्लाउज ठेवला जातो. फक्त हात दिसतात. बाईचा आवाज : ‘मामी, लग्नातला ब्लाउज. आता होत नाही.’
३ ते ५ : ब्लाउज उलटा होतो. बाजूची शिवण अगदी जवळून, तीन टिपा. मामींचा अंगठा पहिल्या टिपेवर टेकतो. मामी : ‘एक टीप काढू.’
५ ते ८ : धागा ओढला जातो. बोलणे नाही, फक्त तो आवाज.
८ ते ११ : ब्लाउज सुलटा होऊन इस्त्रीखाली जातो, बाईचे हात तो उचलून घेतात. मागे पायमशीन सुरू होते.
११ ते १५ : स्थिर चित्र, दुकानाचे नाव आणि ‘गणपती पेठ, सांगली’ एवढेच. मामींचा आवाज : ‘आम्ही माया ठेवून शिवतो.’

बोलण्याचे उच्चार ३० च्या आसपास होतात. फोन क्रमांक चित्रात घालू नका, चार सेकंदांत तो कुणी लिहून घेत नाही आणि जाहिरातीवर दाबल्यावर नकाशा किंवा फोन उघडेल अशी सोय वेगळी करता येते. संकलन करताना फीत साडेचौदा सेकंदांवर संपवा. मोबाइलवरून बाहेर काढताना पाच-सहा फ्रेम वाढल्या आणि फीत १५ च्या पुढे गेली, असे माझ्याकडे अनेकदा घडले आहे. वाक्य पडद्यावर अक्षरांतही येऊ द्या, कारण आवाज बंद करून बघणारेही असतात.

आणि खरी बंपर हवी असेल तर तीही याच चित्रीकरणातून निघते. तीन टिपा, ओढलेला धागा, वाक्य. सहा सेकंदांत बाईचा प्रश्न नसला तरी चालतो का, हे बघावे लागेल.

कृष्णाकाठची

मला वाटते प्रश्नाशिवाय चालणार नाही. ज्यांना शिवण कळत नाही त्यांना तो कपडा फाडल्यासारखा दिसेल.

विश्रामबागकर

मामांचे काय? जाहिरातीत मामी, आवाज मामींचा, ब्लाउज मामींचा. दुकानाच्या पाटीवर नाव मात्र मामांचे.

हरभटरोड

तो प्रश्न घरात आधीच झाला आहे. मामा पायमशीनवर पाठमोरे बसणार आहेत. शर्टालाही माया ठेवतो, एवढे तरी कुठेतरी टाक, असे ते म्हणाले, पण बसत नाही.

मिरजतिठा

मी सुरुवातीला विषय चुकीचा समजलो होतो, परंतु आता सांगतो की हे वाक्य रिक्षाच्या मागेही शोभेल. ‘आम्ही माया ठेवून शिवतो’ आणि खाली गणपती पेठ. मेहुण्याच्या रंगाऱ्याला विचारू का?

संकलनमेज

आश्चर्य वाटेल, पण मिरजतिठा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जाहिरात बघितलेल्या माणसाला रिक्षामागे वाक्य दिसले तर धागा ओढलेला आठवेल. न बघितलेल्याला मात्र नुसते वाक्य दिसेल आणि आपण पुन्हा ‘प्रेमाने शिवतात’वर येऊ. आधी फीत, मग रिक्षा.

खडूटेप

एक गोष्ट राहिली आणि ती मामींनी आधीच ठरवून ठेवावी. साडीसोबत येणारा ब्लाउजपीस बहुतेक ८० सेंटिमीटरचा असतो. बाईचे माप मोठे असेल आणि तिला कोपरापर्यंत बाही हवी असेल, तर त्या तुकड्यात दीड इंच माया निघत नाही. कधी अर्धा इंचच निघते आणि त्यावर दुसरी टीप मारता येत नाही. आजवर हे आम्ही गिऱ्हाइकाला न सांगता शिवून देत होतो, कुणी विचारतही नव्हते. जाहिरात लागल्यावर बाई घरी जाऊन ब्लाउज उलटा करेल आणि टिपा मोजेल.

भडंगप्रेमी

बाईचा नवराही मोजेल. मी मोजल्याच.

हरभटरोड

खडूटेप यांचा प्रतिसाद मामींना वाचून दाखवला. त्यांनी माप लिहिण्याच्या वहीत छाती, कंबर, मुंढा, बाही यांच्यापुढे पेनाने एक नवीन रकाना आखला आणि त्याला ‘माया’ असे नाव दिले. कापड कमी असेल तर किती ठेवता येईल ते मापाच्या वेळीच बाईंसमोर लिहायचे, असे त्यांचे म्हणणे आहे. मामांचे म्हणणे असे की, काउंटरवर गर्दी असताना एवढे कोण सांगत बसणार, त्यापेक्षा एक मीटर कापड आणा असे सगळ्यांना सरसकट सांगावे. साडीतलाच पीस हवा असणाऱ्यांना काय सांगायचे, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.

चित्रीकरण रविवारी सकाळी दहा वाजता आहे, कारण खिडकीतून तिरका उजेड तेवढ्याच वेळात येतो. पोपटी धागा बॉबिनमध्ये भरून ठेवला आहे.

कृष्णाकाठची

रविवारी माझा खणाचा ब्लाउज घेऊन आले तर चालेल का? तो खरेच होत नाही.

हरभटरोड

अवश्य या. मामी विचारत आहेत की त्यात माया आहे ना?

कृष्णाकाठची

उलटा करून बघितला. दोन टिपा आहेत.